सातशे डॉलरचा माल आणि दोनशे डॉलरचे नाव
पीव्हीसी रेझिनवरील ॲण्टी-डम्पिंग शुल्काची गोष्ट

रत्नागिरीहून पावसकडे जाताना गोळपच्या पुढे रनपारच्या बाजूला फिनोलेक्सचा कारखाना लागतो. १९९४ पासून तिथे पीव्हीसी रेझिन तयार होते. साबुदाण्याच्या पिठासारखी ही पांढरी भुकटी म्हणजे शेतातल्या पाइपचा, विजेच्या पट्टीचा, खिडकीच्या चौकटीचा कच्चा माल. कारखान्याला लागणारे इथिलीन, ईडीसी हे पदार्थ समुद्रमार्गे परदेशातून येतात आणि कंपनीच्या स्वतःच्या जेट्टीवर उतरतात. म्हणजे आपल्या किनाऱ्यावर एकाच आवारात आयातही आहे आणि आयातीशी स्पर्धाही. ही स्पर्धा कोणत्या नियमांनी चालते, याबद्दल मात्र आपल्याकडे फारसे लिहिले गेलेले नाही.

माझे या विषयाकडे लक्ष गेले ते बाजारपेठेतल्या एका ओळखीच्या दुकानदारामुळे. पाइप आणि मोटारी विकणाऱ्या या गृहस्थांनी गेल्या वर्षी मला विचारले, "भाऊ, कंपनीचा माणूस सांगतो की ड्यूटी बसणार, दर वाढणार, आत्ताच माल भरून ठेवा. ही ड्यूटी चीनच्या मालावर ना? मग इथल्या मालाचा दर का वाढावा?" मी व्यापारी नाही आणि वकीलही नाही. पण प्रश्न योग्य होता, म्हणून राजपत्रातल्या अधिसूचना आणि तपासाचे अहवाल काढून वाचायला बसलो. त्या वाचनातून जे कळले ते इथे मांडतो.

डम्पिंग म्हणजे नेमके काय

स्वस्त विकणे म्हणजे डम्पिंग नव्हे. एखादा उत्पादक स्वतःच्या देशात ज्या भावाने माल विकतो, त्यापेक्षा कमी भावाने तोच माल परदेशात पाठवतो, तेव्हा कायद्याच्या भाषेत डम्पिंग होते. दोन्ही भाव कारखान्याच्या दारापर्यंतचे धरतात. भाडे, विमा, दलाली वजा करून. या दोहोंतला फरक म्हणजे डम्पिंगचे मार्जिन.

पण तेवढ्याने शुल्क बसत नाही. आपल्याकडच्या उत्पादकांना त्यामुळे खरोखर इजा झाली, हेही दाखवावे लागते. त्यासाठी इथल्या उद्योगाला वाजवी नफा धरून कोणता भाव मिळायला हवा होता याचा हिशेब करतात आणि आयात माल सीमाशुल्कासह कितीला पडतो ते त्याच्यासमोर ठेवतात. तो फरक म्हणजे इजेचे मार्जिन. भारत या दोन आकड्यांपैकी लहान आकड्याइतकेच शुल्क लावतो. तपास वाणिज्य मंत्रालयातील डीजीटीआर हे कार्यालय करते. ते फक्त शिफारस करते. शुल्क लावायचे की नाही हे अर्थ मंत्रालय ठरवते आणि राजपत्रात अधिसूचना निघाली की ते लागू होते. मुदत जास्तीत जास्त पाच वर्षांची, पुन्हा तपास करून ती वाढवता येते.

पीव्हीसीचा या कायद्याशी संबंध जुना आहे. कायद्यात तरतूद १९८२ पासून होती, पण तिचा पहिला वापर १९९२ मध्ये झाला आणि तो पीव्हीसी रेझिनवरच. मेक्सिको, ब्राझील, कोरिया, अमेरिका अशा देशांच्या मालाविरुद्ध तो तपास होता. २००८ मध्ये चीन, तैवान, इंडोनेशिया, जपान, कोरिया, मलेशिया, थायलंड आणि अमेरिका या आठ देशांच्या सस्पेन्शन प्रतीच्या रेझिनवर शुल्क आले. २०१४ मध्ये ते पुढे चालू राहिले, नंतर यादी आखडत गेली आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये चीन व अमेरिकेच्या मालावरचे उरलेले शुल्कही संपले.

वेळ मोठी विचित्र होती. चीनमधला घरबांधणीचा धंदा तेव्हा कोसळत होता. पीव्हीसीचा सर्वांत मोठा ग्राहक बांधकाम. घरे थांबली तरी कारखाने थांबले नाहीत, आणि शिल्लक माल जिथे खप आहे तिकडे निघाला. भारतात पीव्हीसीची निम्म्याहून अधिक गरज आयातीतूनच भागते, त्यामुळे तो इकडे वळणे स्वाभाविक होते. मार्च २०२४ मध्ये चीन, इंडोनेशिया, जपान, कोरिया, तैवान, थायलंड आणि अमेरिका या सात देशांविरुद्ध नवा तपास सुरू झाला. ऑक्टोबर २०२४ मध्ये प्राथमिक निष्कर्ष आले, ऑगस्ट २०२५ मध्ये अंतिम शिफारस आली. त्यानंतर निर्णय अर्थ मंत्रालयापुढे गेला.

अधिसूचनेचा तक्ता कसा वाचायचा

बहुतेकांची समजूत अशी की "चीनवर इतके टक्के" असे शुल्क लागते. दुकानदारांचीही तीच होती. प्रत्यक्षात पीव्हीसीसारख्या मालावर ते टनामागे डॉलरमध्ये असते आणि देशावर नव्हे, तर देश अधिक उत्पादक या जोडीवर असते. तक्त्यात मूळ देश, निर्यातीचा देश, उत्पादकाचे नाव आणि रक्कम अशा ओळी असतात. ज्या परदेशी कंपनीने तपासात भाग घेतला, आपले हिशेब उघडे केले, तिच्यासाठी तिच्या आकड्यांवरून वेगळा दर ठरतो. तो शून्यही असू शकतो. ज्यांनी उत्तरच दिले नाही त्या सगळ्यांसाठी शेवटच्या ओळीत "इतर कोणताही उत्पादक" असे लिहून सर्वांत चढा दर ठेवलेला असतो.

आयातदाराच्या निवडीवर परिणाम होतो तो या रचनेमुळे. एक उदाहरण सोडवून पाहू. आकडे समजुतीसाठी मी घेतलेले आहेत, हिशेबाची रीत मात्र खरी आहे.

समजा, मिरजोळे एमआयडीसीतल्या एका लहान पाइप कारखानदाराला १०० टन रेझिन हवे आहे. माल न्हावाशेवा बंदरात उतरणार. त्याच्याकडे चार भाव आले आहेत, सगळे भाडे-विम्यासह आणि टनामागे: चीनचा उत्पादक 'अ' ७०० डॉलर, चीनचाच उत्पादक 'ब' ६८५, तैवानचा उत्पादक ७२५ आणि कोरियाचा ७५०. पीव्हीसीवर मूळ सीमाशुल्क साडेसात टक्के आणि त्या शुल्काच्या दहा टक्के समाजकल्याण अधिभार, म्हणजे एकूण सव्वाआठ टक्के. आयजीएसटी वेगळा, पण त्याची वजावट मिळते म्हणून खर्चात धरत नाही.

शुल्क नसताना 'ब'चा माल साधारण ७४२ डॉलरला पडतो, 'अ'चा ७५८ला, तैवानचा ७८५ला आणि कोरियाचा ८१२ला. निवड सोपी आहे, 'ब' घ्यायचा.

आता समजा अधिसूचना निघाली. 'अ'ने तपासात सहकार्य केले होते, त्याला ८० डॉलर लागले. 'ब'ने केले नव्हते, तो "इतर"मध्ये गेला आणि त्याला २०० लागले. तैवानच्या कंपनीला ३० आणि कोरियाच्या कंपनीला शून्य. नवे आकडे असे: कोरिया ८१२, तैवान ८१५, 'अ' ८३८, 'ब' ९४२. रांग पूर्ण उलटी झाली. सर्वांत महाग विकणारा पहिला आला आणि सर्वांत स्वस्त विकणारा शेवटी गेला. कोरियाशी असलेल्या व्यापार करारातून मूळ सीमाशुल्कात सवलत मिळत असेल, तर हे अंतर आणखी वाढते.

आयातदार आयात थांबवत नाही, फक्त दुसऱ्या दारात जाऊन उभा राहतो. तो खर्चात ७४२ वरून ८१२ वर गेला, म्हणजे टनामागे ७० डॉलर. डॉलरचा भाव ८५ रुपये धरला तर किलोमागे जवळजवळ सहा रुपये आणि १०० टनांना सुमारे सहा लाख. सरकारच्या तिजोरीत मात्र यातून ॲण्टी-डम्पिंगचा एक रुपयाही जमा झालेला नाही, कारण त्याने शून्य दराचा माल घेतला.

दुकानदाराच्या प्रश्नाचे उत्तर यातच आहे. देशातला रेझिन उत्पादक आपला भाव ठरवताना बंदरावर उतरणाऱ्या सर्वांत स्वस्त पर्यायाकडे पाहतो. तो पर्याय ७४२ होता तेव्हा त्याला त्याच्या आसपास विकावे लागत होते. आता तो ८१२ झाला, तर त्यालाही तिथपर्यंत जायला वाव मिळतो. म्हणून शुल्क चीनच्या मालावर असले तरी रनपारचा किंवा गुजरातचा मालही महागतो. कारखान्याच्या बाजूने पाहिले तर हीच तर मागणी होती: कच्च्या मालाचा भाव आणि रेझिनचा भाव यांत जे अंतर उरते त्यावरच असा कारखाना चालतो, आणि डम्पिंगने तेच अंतर खाल्लेले असते. एखाद्या आंबा बागायतदाराने कलमांना पाणी नेण्यासाठी अर्धा टन पाइप घेतला, तर सहा रुपयांच्या हिशेबाने त्याचे तीन हजार रुपये वाढतात. दोन्ही बाजू खऱ्या आहेत आणि त्या एकाच तालुक्यात राहतात.

तारीख कोणती धरायची

लहान आयातदार फसतो तो दरापेक्षा तारखेत. सौदा जुलैत झाला, पैसे जुलैत दिले, जहाज ऑगस्टमध्ये निघाले, तर शुल्क जुलैचे लागेल असे त्याला वाटते. कायदा तसे म्हणत नाही. बिल ऑफ एंट्री ज्या दिवशी दाखल झाले त्या दिवसाचा दर लागतो. आणि ते जहाज येण्याआधीच दाखल केले असेल, तर जहाजाला बंदरात प्रवेश मिळाल्याची तारीख धरतात. आगाऊ कागद भरून दर पक्का करता येत नाही. माल बंधपत्रावर गोदामात ठेवला तरी सुटका नाही, कारण तिथून तो बाहेर काढताना जे बिल भरतात त्या दिवसाचा दर लागतो.

पूर्वेकडून माल मागवायचा तर सौद्यापासून उतरण्यापर्यंत सहज दीड-दोन महिने जातात. अधिसूचना मात्र एका संध्याकाळी निघते आणि त्याच दिवसापासून लागू होते. आपल्या उदाहरणातल्या कारखानदाराने 'ब'चा माल घेतलेला असता आणि तो समुद्रात असताना अधिसूचना निघाली असती, तर १०० टनांवर २०,००० डॉलर, म्हणजे १७ लाख रुपये, एकदम भरावे लागले असते. या रकमेची वजावट मिळत नाही. शिवाय तिच्यावर आयजीएसटी बसतो; तो पुढे वजा होतो, पण तोवर पैसे अडकतात.

म्हणून तपास चालू असतानाच, शुल्क लागण्याच्या पुष्कळ आधी, आयातदाराची निवड बदलू लागते. जाणकार माणूस तपासाचा अहवाल आला की आपल्या विक्रेत्याचे नाव कोणत्या ओळीत आहे ते पाहतो. नाव "इतर"मध्ये जाणार असेल तर त्याच्याकडून दूरच्या तारखेचा सौदा करत नाही. एक तर लवकर पोचेल असा माल घेतो, नाहीतर पाच-दहा डॉलर जास्त देऊन इथल्या उत्पादकाकडून किंवा इथे आधीच उतरलेला माल घेतो. डीजीटीआरची अंतिम शिफारस आल्यावर अर्थ मंत्रालयाला साधारण तीन महिन्यांत ठरवावे लागते. त्या तीन महिन्यांत बाजार चालतो तो अंदाजावर. "माल भरून ठेवा" हा निरोप त्याच काळातला असतो. शुल्क आलेच नाही, तर भरून ठेवलेला माल अंगावर पडतो, हे निरोप देणारा सांगत नाही.

सेफगार्ड: आरोप नसलेला बंधारा

सेफगार्ड उपाय यापेक्षा वेगळा आहे. त्यात कोणावर डम्पिंगचा आरोप नसतो. आयात अचानक इतकी वाढली की इथल्या उद्योगाला गंभीर इजा झाली, एवढेच दाखवायचे. म्हणून तो उत्पादकाच्या नावाने नसतो, सगळ्या देशांच्या मालावर असतो, मुदत कमी असते आणि दर टप्प्याटप्प्याने उतरवावा लागतो. कधी शुल्काऐवजी कोटा ठरवतात. पीव्हीसीच्या बाबतीतही २०२२ मध्ये असा एक तपास सुरू झाला होता: ज्या रेझिनमध्ये व्हिनाइल क्लोराइडचा अंश दहा लाखांत दोन भागांपेक्षा जास्त उरतो, त्याच्या आयातीवर संख्येची मर्यादा घालावी का, असा.

सेफगार्डमध्ये देश बदलून सुटका होत नाही, असे तत्त्व. पण त्यालाही एक फट आहे. ज्या विकसनशील देशाचा आयातीतला वाटा तीन टक्क्यांहून कमी, त्याला सहसा वगळतात. सौर पॅनेलच्या बाबतीत हे स्पष्ट दिसले. ३० जुलै २०१८ पासून सौर सेल व पॅनेलवर पहिल्या वर्षी २५ टक्के सेफगार्ड शुल्क लागले, पुढच्या दोन सहामाहींत २० आणि १५. विकसनशील देशांपैकी फक्त चीन आणि मलेशिया त्यात धरले होते. आयातदार व्हिएतनाम आणि थायलंडकडे वळले. जुलै २०२० मध्ये शुल्काची मुदत वाढली तेव्हा नव्या अधिसूचनेत चीनच्या शेजारी थायलंड आणि व्हिएतनाम यांची नावे होती. आयातदार जिथे गेले, तिथे शुल्कही दोन वर्षांनी पोचले.

आयातदाराच्या दृष्टीने दोहोंतला फरक असा: ॲण्टी-डम्पिंगमध्ये "कोणाकडून" हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो, सेफगार्डमध्ये "केव्हा" आणि "किती" हा.

कागदावरचा देश

नावावर आणि देशावर शुल्क ठरते म्हटल्यावर नाव आणि देश बदलण्याचा मोह होणारच. सर्वांत साधा प्रकार असा की माल 'ब'चा, पण बीजक देणारा व्यापारी म्हणतो, उत्पादक 'अ' आहे. दुसरा प्रकार असा की माल एखाद्या तिसऱ्या बंदरात उतरवून, पोती बदलून, तिथल्या मूळ देशाच्या प्रमाणपत्रासह पुन्हा पाठवायचा. आयातदाराला अनेकदा हे ठाऊकही नसते. त्याला फक्त तीस-चाळीस डॉलर स्वस्त भाव दिसतो.

हे ओळखण्याच्या काही साध्या खुणा आहेत. पहिला प्रश्न: ज्या देशाचे नाव सांगतात, त्या देशात पीव्हीसीचा कारखाना आहे का आणि त्याची क्षमता किती? रेझिन पोत्यात भरणे म्हणजे रेझिन बनवणे नव्हे. दुसरा: उत्पादकाचे चाचणी-पत्रक, पोत्यावरचे नाव व बॅच क्रमांक, बीजक आणि मूळ देशाचे प्रमाणपत्र यांवर एकच नाव, त्याच अक्षरांत आहे का? अधिसूचनेतल्या नावात आणि कागदातल्या नावात समूहाची दुसरी कंपनी असली तरी "इतर"चा दर लागू शकतो. तिसरी खूण मालातच असते. चीनमधले बरेच पीव्हीसी कोळशापासून कॅल्शियम कार्बाइड आणि त्यापासून ॲसिटिलीन करून बनते. जपान, कोरिया, तैवान इथिलीनच्या मार्गाने बनवतात. इथिलीनचा म्हणून घेतलेला माल मशीनवर नेहमीपेक्षा वेगळा वागू लागला, रंग उतरू लागला, तर जुना ऑपरेटर ते लगेच सांगतो. हा पुरावा नव्हे, पण चौकशी करायला पुरेसे कारण आहे.

चौकशी महत्त्वाची, कारण जबाबदारी आयातदाराची असते. व्यापार कराराची सवलत घेताना मूळ देशाबद्दलची माहिती स्वतःजवळ ठेवण्याचे बंधन २०२० पासून त्याच्यावर आहे. खोटेपणा उघड झाला तर पाच वर्षे मागे जाऊन शुल्क, व्याज आणि दंड मागता येतो. तोपर्यंत पाइप विकला गेलेला असतो, पैसे खर्च झालेले असतात आणि तो व्यापारी फोन उचलत नसतो.

दुकानदारांना मी हे सगळे सांगितले तेव्हा त्यांनी व्यवहाराचा प्रश्न विचारला, "म्हणजे मी माल भरू की नको?" याचे उत्तर माझ्याकडे नव्हते आणि आजही नाही. एवढे मात्र सांगितले की कंपनीच्या माणसाला "ड्यूटी बसणार का" असे विचारू नका. शिफारस झाली आहे की अधिसूचना निघाली आहे, ती कोणत्या देशावर आणि त्यात शून्य दराचा कोणी उत्पादक आहे का, हे विचारा. शून्य दराचा उत्पादक मोठा असेल तर भाव त्याच्या दाराशी येऊन थांबेल. तसा कोणी नसेल, तर तो शेवटच्या ओळीकडे सरकेल. त्यांनी वहीच्या मागच्या पानावर हे तीन प्रश्न लिहून घेतले आणि त्या आठवड्यात नेहमीच्या निम्माच माल मागवला.